औषधांची लाल फाक

"डब्यावरची चिठ्ठी वाचून आत काय आहे ते ठरवू नको, पोरी. झाकण उघडून पाह्यत जाय."

विमलताईंनी हे सांगितलं तेव्हा दिपाली तोंडावर हात ठेवून हसली होती. लग्नाआधीची गोष्ट. यवतमाळच्या एका पतसंस्थेत ती नवीनच लागली होती, बी.कॉम.चा निकाल अजून पिशवीतच होता, आणि विमलताई तिथल्या जुन्या हिशेबनीस. 'जनरल स्टोअर्स'चं एक बिल दिपालीने सरळ स्टेशनरीच्या खात्यात टाकलं होतं. निघालं ते झाडू आणि फिनाईल.

"ताई, हळदीच्या डब्यात हळदच असणार ना?" ती म्हणाली.

"माह्या सासूच्या हळदीच्या डब्यात पाचशेच्या नोटा निघाल्या होत्या," विमलताई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या. "अन् हळद खिडकीत, पुडीत. नावावर जाऊ नको. काय घेतलं ते विचारत जाय."

दिपालीने मान डोलावली आणि ते तिथेच सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसांना हिशेबातही गोष्टी दिसतात, असं तिला वाटलं.

पुढे नयनशी लग्न झालं, बिऱ्हाड दारव्ह्याला आलं, खुशी झाली, नोकरी सुटली. नोकरी सुटली तरी हिशेबाची खोड काही सुटली नाही. उलट वाढली. खुशी जन्मल्यापासून दिपालीला कशाचाच भरवसा वाटेनासा झाला होता. दुधात पाणी आहे का, थर्मामीटर बरोबर दाखवतो का, शेजारीण पोरीला उचलून घेते तेव्हा तिचे हात धुतलेले असतात का. रात्रीतून दोनदा उठून पोरीच्या नाकाशी बोट धरायची. नयन म्हणायचा, "तू पोलिसात पाह्यजे होती." तो एका खत कंपनीच्या गोदामात होता, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावरच यायचा. संशय घ्यायला त्याला वेळच नव्हता.

सासूबाई, इंदूबाई, महागावजवळच्या गावी एकट्या राहायच्या. सासरे जाऊन चार वर्षं झाली होती. दारव्ह्याला या म्हटलं तर त्यांचं एकच उत्तर, "तिथं मी भिंतीशी बोलू काय?" साखर आणि बीपी, दोन्ही होतं त्यांना. गोळ्या रोजच्या. मोबाइल होता तो बटणांचा, त्यात पैशाचा व्यवहार जमत नव्हता. म्हणून नयनने एक सोय लावली. दर महिन्याला तो सहा हजार रुपये उर्वशीच्या खात्यावर पाठवायचा. उर्वशी त्याच्या चुलतभावाची बायको, म्हणजे दिपालीची चुलत जाऊ, सासूबाईंच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. ती आईंसाठी जे जे घेईल त्याचे पैसे मोबाइलवरून भरायची आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट 'आईचा खर्च' या ग्रुपवर टाकायची. ग्रुपमध्ये तिघंच.

आणि त्या स्क्रीनशॉटांचं पुढे काय करायचं ते दिपालीकडे.

दुपारी खुशीला पाळण्यात झोपवून ती एका पायाने दोरी ओढायची आणि मांडीवर जुना लॅपटॉप घ्यायची. तिचा तक्ता नीटस होता. तारीख, कोणाला, रक्कम, व्यवहार क्रमांक, खाना, शेरा. खान्यात आयती यादी होती, बाण दाबला की खाली उघडायची: किराणा, दूध-भाजी, औषधं, वीज-गॅस, घरदुरुस्ती, इतर. तारीख ती ग्रुपवर फोटो आल्याची धरत नसे, फोटोतली धरायची, कारण उर्वशी एकतीस तारखेचा खर्च दोन तारखेला टाकायची आणि महिना चुकायचा. नयनने उर्वशीला पाठवलेले सहा हजार ती खर्चात घेत नसे. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा तो, खर्च कसला? आणि 'प्रक्रियेत आहे' असं लिहिलेला फोटो आला तर हिरवी खूण येईपर्यंत ती ओळ भरायची नाही. विमलताईंच्या हाताखाली एवढं तर शिकली होती.

महिना संपला की तक्ता आपोआप खानेवार बेरीज करायचा आणि शेजारी एक गोल चित्र काढायचा. टरबूज कापल्यासारखं, प्रत्येक खान्याची एक फाक. किराण्याची हिरवी, दुधाची निळी, औषधांची लाल. ते चित्र ती ग्रुपवर टाकायची. नयन अंगठा द्यायचा. उर्वशी काहीच द्यायची नाही.

सुरुवातीला उर्वशी फोटोखाली लिहायची. 'काकीचं तेल-साखर.' 'काकीची चप्पल.' मग एकदा किराण्याचे दोन हजारांवर गेले आणि दिपालीने ग्रुपवर विचारलं, 'ताई, याचं बिल आहे का?' एवढंच. त्यावर उर्वशीचा फोनच आला.

"तुले हिशोब पाह्यजे का माह्याकडून? पाहुणे आलते काकीकडं, त्याईले काय उपाशी ठेवू?"

"तसं नाही ताई, फक्त नोंदीसाठी..."

"तुले फोटो पाह्यजेत ना? घेत जाय फोटो."

त्या दिवसापासून फोटो यायचे, मुके. खाली एक अक्षर नाही.

आणि मुक्या फोटोंनी दिपालीच्या डोक्यात बोलायला सुरुवात केली.

या महिन्यात सहा आले होते. पहिला किराणा, दुकानाचं नाव ओळखीचं. दुसरा, सहाशे वीस रुपये, 'जमनी देवसिंग राठोड'. ही कोण? मागच्या महिन्यातही होती, पाचशे ऐंशी. त्याआधीच्या महिन्यात सहाशे. तिसरा, तीनशे पन्नास, 'आर. यू. ट्रेडर्स'. गावात कसले ट्रेडर्स? चौथा आणि पाचवा वीजबिलाचे, दोन्ही चारशे दहाचे. तिने व्यवहार क्रमांक आकडा-आकडा लावून पाहिले. एकच. म्हणजे एकच भरणा, फोटो दोनदा. दोनदा धरला जावा म्हणून पाठवला असेल काय? सहावा विक्कीच्या मेडिकलचा, दीड हजार. तो तिने डोळे झाकून 'औषधं' खान्यात टाकला.

इतर ओळींसाठी तिने यादीत एक नवा खाना घातला. 'संशय.' रंग पिवळसर. जमनीच्या तिन्ही महिन्यांच्या ओळी, ट्रेडर्सची ओळ, आणि रक्कम न धरता बिलाची दुसरी ओळ. तक्ता उन्हात वाळत घातलेल्या हळदीसारखा दिसायला लागला.

त्यात उर्वशीने स्टेटसला फोटो टाकला होता. नवा मिक्सर, त्याला हळदकुंकू लावलेलं. दिपालीने तो मोठा करून पाहिला.

संध्याकाळी नयन जेवायला बसला तशी ती सुरू झाली.

"ही जमनी राठोड कोण आहे हो?"

"मले काय माहीत? गावातला अर्धा तांडाच राठोड हाय."

"मग दर महिन्याला तिला सहाशे रुपये कशाचे? आणि दर वेळी आकडा थोडा वेगळा. उर्वशीताई कुणाकडून उसने घेऊन फेडतात का आपल्या पैशातून?"

नयनने घास तोंडाशी थांबवला. "वहिनी? वहिनीनं मले लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं, दिपाली."

"मिक्सर कुठून आला मग?"

"भावानं घेऊन देल्ला असन. तू त्या लॅपटॉपात डोकं घालून घालून..." तो थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "एवढंच वाटते तर एकडाव जाऊन ये. आईले खुशीलेही पाह्यचंय. पण भांडू नको. भिंतीला भिंत हाय त्याईची. आईले काही झालं तर आधी वहिनीच धावन, आपण नाही."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच दिपालीला जास्त भीती वाटत होती. जिच्या हातात आईंचं सगळं, तिच्याच मनात खोट असली तर?

रविवारी गोदामात माल उतरायचा होता, नयनला सुट्टी नव्हती. दिपाली खुशीला कडेवर घेऊन निघाली. दोन एस.टी. बदलल्या, शेवटचा टप्पा काळीपिवळी जीपमधून. कापसाचा वेचा चालू होता, दोन्ही बाजूंनी पराटीची शेतं पांढरी. वाटभर तिने मोबाइलवर तक्ता उघडून ठेवला होता आणि काय काय विचारायचं ते मनात घोकत होती. आधी जमनी. मग ट्रेडर्स. मग वीजबिल. मिक्सर शेवटी, सहज बोलता बोलता.

आईंचं दार नुसतं लोटलेलं होतं. उर्वशी शेजारच्या ओट्यावर तूर निवडत बसली होती. दिपालीला पाहून तिने सूप खाली ठेवलं.

"अगं माय! हिशोबवाले साहेबच आले का? ये ये. पोरगी दे इकडं." खुशीला तिने ओढूनच घेतलं. दिपालीने पटकन तिच्या हातांकडे पाहिलं. उर्वशीने ते पाहिलंच. "धुतलेले हायेत बाई. तुरीला साबण लावून निवडत असतो आमी."

"आई कुठे आहेत?"

"झोपल्या. आजकाल लई झोपतेत काकी. दुपारी पडल्या की चार वाजले तरी उठत नाहीत. वय झालं आता." तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "बोल. तू अशीतशी नाही आली."

दिपालीने घोकलेलं सगळं विसरून मोबाइलच पुढे धरला. पिवळ्या ओळी उन्हात चमकल्या.

"ताई, ही जमनी देवसिंग राठोड कोण?"

उर्वशीने मोबाइल जवळ घेतला, डोळे बारीक केले आणि मग जी हसायला लागली ती खुशीही दचकून हसली.

"अवो देवसिंगभाऊ दूध घालतेत ना काकीले! रोज अर्धा लिटर. त्याईच्या खात्याची काहीतरी भानगड झाली बँकेत, तर फोनपेचा स्कॅन करायचा कागद त्याईनं बायकोच्या नावावर काढला. जमनीच्या. गावात अर्धे कागद बायकांच्याच नावावर हायेत, बाई. पानटपरीवर जाऊन पैसे टाक, कोणाची तरी सून दिसते."

"आणि आकडा दर महिन्याला वेगळा का?"

"ज्या दिवशी म्हैस लाथ मारते त्या दिवशी दूध नाही. त्या दिवसाचे पैसे मी देत नाही. तू देशील काय?"

दिपालीने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे आर. यू. ट्रेडर्स?"

"रुखमाबाई उकंडा. दळणाची चक्की. लेकानं नाव मोठं ठेवलं कारण कर्जाच्या फॉर्मवर 'चक्की' बरं दिसत नव्हतं म्हणे. काकीची ज्वारी-गहू अन् तुह्यासाठी सांडगे करायची डाळ दळून आणली. खाऊन संपले का सांडगे?"

संपले होते. खुशीच्या भाताबरोबर दिपालीनेच खाल्ले होते.

"वीजबिल दोनदा..."

"रेंज नव्हती. गेला का नाही गेला ते समजेना, म्हणून दुसऱ्यांदा पाठवला. तुह्या कॉम्प्युटरले समजलं नाही का एकच हाय ते?"

"समजलं," दिपाली हळू म्हणाली. "मी एकदाच धरलंय."

"मग इथं पिवळं कायले केलं?" उर्वशीचं हसू आता मावळलं होतं. ती ओळीवरून बोट फिरवत होती. "अन् हे काय लिहिलंय? सं... शय." तिने मोबाइल परत केला. ती सुपातली तूर नुसती इकडची तिकडे करायला लागली. "मिक्सर माह्या भावानं देल्ला, भाऊबीजेचा राह्यलेला. विचारायचं राहून गेलं असन तुह्यं."

दिपालीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण माफी मागताना माणूस कधी कधी स्वतःचं थोडं तरी बरोबर होतं हे दाखवायला जातो. ती म्हणाली, "ताई, चुकलंच माझं. पण मी सगळ्यावरच संशय घेतला असं नाही. हे पाहा ना, औषधांचा खाना मी कधी पिवळा केला नाही. विक्कीच्या मेडिकलचे दीड हजार दर महिन्याला बिनबोभाट भरते. तीन महिन्यांपासून तेवढेच आहेत."

"औषधाचे?" उर्वशी म्हणाली.

"हो."

"कोणतं औषध?"

"आईंच्या गोळ्या. मेडिकलला भरले ना तुम्ही?"

"अवं, ती नगदी हाय. काकीले नगदी पाह्यजे असते. गावात एटीएम कुठं हाय? तर विक्कीच्या दुकानात फोनपे मारायचा अन् तो गल्ल्यातून रोख देते. त्याले ठोकवाल्याले मोबाइलवरूनच पैसे पाठवा लागतेत, त्याच्या गल्ल्यात नोटा पडून राहतेत. त्याचीही सोय, आपलीही सोय. सगळं गाव तसंच करते."

"मग गोळ्या?"

"गोळ्या काकी सरकारी दवाखान्यातून आणतेत. फुकटात. मलेच सांगतलं त्याईनं, दिवाळीच्या आधीपासून."

"मला नाही सांगितलं."

"मी कायले सांगू? तू म्हटलं फोटो पाठव. मी फोटो पाठवला."

दिपालीने तक्ता वर सरकवला. श्रावणात बाराशे सत्त्याऐंशी. भादव्यात तेराशे बारा. आश्विनात बाराशे चौसष्ट. आणि मग एकदम पंधराशे, पंधराशे, पंधराशे. औषधाच्या दुकानाचं बिल कधी असं गोल येतं का? गोळ्यांच्या पट्ट्या मोजून, सूट वजा करून, पंधराशे रुपये शून्य पैसे, तेही तीनदा? जे आकडे वाकडे होते त्यांच्यामागे ती तीन महिने काठी घेऊन धावली होती आणि जो आकडा लोखंडासारखा सरळ होता त्याच्यापुढे तिने दर वेळी मान झुकवली होती. दुकानाचं नाव 'मेडिकल' होतं. चिठ्ठीवर हळद लिहिलं होतं.

"ताई, चला," ती उठली. "आधी विक्कीकडे."

विक्की काउंटरवर खोके फोडत होता. त्याने आठवून आठवून सांगितलं. "इंदूआजीच्या गोळ्या? नाही वं वहिनी, लई दिवस झाले. शेवटच्या मी दसऱ्याच्या आसपास देल्ल्या. मी विचारलंही होतं आजीले. म्हणे, आता सरकारातून भेटते."

"सरकारी दवाखान्यात कोण नेतं त्यांना?" दिपालीने उर्वशीकडे वळून विचारलं.

उर्वशीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "म्हणतेत, तानाबाईसंगं जाते. बाजाराच्या दिवशी. तानाबाई म्हणजे आमची मागच्या गल्लीतली, तिलेही साखर हाय." ती थांबली. "पण बाजाराच्या दिवशी तर दोघी दुपारीच परत येतेत, दवाखान्याच्या लाइनीत तर अख्खा दिवस जाते. अन् दवाखान्याचा कागद कधी दिसला नाही मले."

दोघी जवळजवळ पळतच घरी आल्या. खुशी उर्वशीच्या कडेवर होती आणि दिपालीला तिचे हात धुतले की नाही हे आठवलंसुद्धा नाही.

इंदूबाई खाटेवर पडून होत्या. खाटेशेजारी पाण्याचे दोन मोठे तांबे, दोन्ही रिकामे. हाडं वर आली होती. दिपालीने हाक मारली तेव्हा त्यांनी डोळे उघडले, पण ओळखायला जरा वेळ लागला.

"कोण... दीपा? पोरगी आणली का?"

"आई, गोळ्या कुठे आहेत तुमच्या?"

"घेतल्या ना."

"पाकीट दाखवा."

म्हातारी भिंतीकडे वळली. उर्वशी तोवर फडताळातले डबे खाली काढत होती. एक, दोन, तीन. साखरेच्या डब्यात साखर होती. चहापत्तीच्या डब्यात वर्तमानपत्राच्या पुड्या होत्या, आत तपकिरी, उग्र वासाची भुकटी. पुड्यांवर ना नाव, ना तारीख.

"काकी! हे काय हाय?"

थोडं थोडं करून बाहेर आलं. आठवडी बाजारात निंबाखाली एक माणूस बसतो. भोंग्यावर बोलतो. साखर मुळासकट काढतो म्हणे, तीन महिन्यांत, मग जन्मभर गोळी नाही. एका महिन्याच्या पुड्या पंधराशेच्या, रोखच घेतो. अट एकच. इंग्रजी गोळ्या बंद केल्याशिवाय गुण येत नाही. तानाबाई आणि त्या, दोघींनी मिळून सुरू केलं.

"पण काहून वं काकी? गोळ्या तर मिळून राह्यल्या होत्या तुमाले!"

इंदूबाईंनी दिपालीकडे पाहिलं. रागाने नाही. शरमल्यासारखं. "ते गोल गोल असते ना तुह्यं, दीपा. टरबुजावानी. उर्वशीच्या मोबाइलात येते. मी इचारलं तिले, हे लाल कोणतं? ती म्हणे, तुमच्या गोळ्या. म्हटलं बाप्पा, सगळ्यात मोठी फाक माह्या गोळ्यायची? नयनचं पोट्टं लहान, भाडं, सगळं. म्हटलं तीन महिने सोसलं तर ही फाकच जाईन. मग कायची आली लाल?" त्यांना दम लागला. "गेली का?"

फाक गेली नव्हती. थोडी वाढलीच होती. भुकटीचे पैसे तिने तिच्याच हाताने लाल रंगात भरले होते आणि दर महिन्याला या बाईला दाखवले होते.

आईंच्या उजव्या पायाच्या बोटाला फडकं गुंडाळलेलं होतं. उर्वशीने ते सोडलं आणि लगेच नाकाला पदर लावला. पराटीची काडी रुतली होती म्हणे, महिना झाला. जखम भरत नव्हती.

उर्वशीने ओट्यावरूनच ओरडून देवसिंगला त्याची गाडी काढायला लावली, दुधाचे कॅन खाली ठेवून. दोघींनी आईंना दोन्ही बाजूंनी धरलं. महागावच्या दवाखान्यात बोटाला सुई टोचून साखर पाहिली तेव्हा आकडा साडेचारशेच्या वर होता. डॉक्टर तरुण होता. त्याने सलाईन लावायला सांगितली, इन्सुलिन लिहिलं, पायाची जखम पाहून ओठ आवळले.

"आणखी काही दिवस असंच गेलं असतं तर बेशुद्धीतच आणलं असतं तुम्ही," तो म्हणाला. "पाय वाचेल असं वाटतंय. पण आता एकही दिवस गोळी-इन्सुलिन चुकता कामा नये. कोण सांभाळतं यांना?"

दिपाली काही बोलायच्या आत उर्वशी म्हणाली, "आमी दोघी."

दोन दिवसांनी सुट्टी मिळवून नयन दवाखान्यात आला. आई बसून चहा पीत होत्या, बिनसाखरेचा, तोंड वाकडं करत. बाहेरच्या बाकावर दोघी जावा एका मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. 'संशय' हा खाना दिपालीने यादीतून पुसून टाकला होता. जमनी दुधात गेली, ट्रेडर्स किराण्यात. दवाखान्यातल्या पहिल्या फोटोखाली उर्वशीने आपणहून लिहिलं होतं, 'इन्सुलिन, पट्ट्या, कापूस.' एक नवीन खाना होता, 'नगदी काढली'. मागच्या तिन्ही पंधराशेच्या ओळी त्यात हलवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या शेऱ्यात लिहिलं होतं, कशासाठी. औषधांच्या खान्यात तीन महिने शून्य दिसत होतं. नयन ते शून्य पाहत उभा राहिला.

"आईले आता हे गोल चित्र दाखवायचं नाही," तो म्हणाला.

"दाखवायचं," उर्वशी म्हणाली. "लाल फाक मोठी असली की काकी बऱ्या हायेत, असं सांगायचं."

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण एक ओळ उरली आहे आणि तिचा रंग अजून पिवळाच आहे.

तानाबाई गावात नाही. आई दवाखान्यात जायच्या चार-पाच दिवस आधीच ती लेकीकडे निघून गेली, थंडीचे दोन महिने काढायला. चहाच्या डब्यातल्यासारख्याच चार पुड्या तिने सोबत नेल्यात, हे आईंनीच सांगितलं. लेक नागपुरात असते, हिंगण्याच्या बाजूला कुठेतरी, जावई कारखान्यात आहे. नेमका पत्ता गावात कुणाकडे नाही. तानाबाईचा फोन बंद येतो. निंबाखालचा माणूस पुढच्या बाजाराला आलाच नाही. पोलिसांत कळवलंय, दिपाली रोज फोन लावते, उर्वशी रोज लावते.

म्हणून तुम्ही हे वाचत असाल आणि त्या भागात राहत असाल, तर आजच एक कराल का? आजूबाजूच्या कोणाच्या घरी थंडीपुरती आलेली, महागावकडची, सावळी, उंच, डाव्या मनगटावर विंचू गोंदलेली म्हातारी दिसली तर तिच्याकडे जा. सतत पाणी मागते का, दिवसा झोपून राहते का, ते बघा. 'गोळ्या घेतल्या का' असं तिला विचारू नका, ती हो म्हणेल. पाकीट दाखवा म्हणा. आणि घरातला चहाचा डबा उघडून बघा.